न्हाणीपासून फ्लशच्या टाकीपर्यंत

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूला गेले, की डक्टमधून खाली येणारे दोन पाइप बहुधा शेजारी शेजारी दिसतात. एक जाड असतो. तो सगळ्या मजल्यांवरच्या संडासांचे मैलापाणी घेऊन थेट चेंबरमध्ये उतरतो. दुसरा जरा बारीक असतो. तो न्हाणीघरांचे आणि बेसिनचे पाणी आणतो आणि जमिनीलगतच्या गली ट्रॅपमध्ये सोडतो. सकाळी सातच्या सुमारास त्या ट्रॅपच्या जाळीवर साबणाचा फेस साचलेला असतो, केसांचे पुंजके अडकलेले असतात, आणि वरच्या मजल्यावर कोणी बादली रिकामी केली की पाण्याचा लोट धाडकन खाली येतो. ट्रॅपच्या पुढे दोन-तीन फुटांवर हे पाणी मैलापाण्यात मिसळते आणि एकाच गटाराने निघून जाते.

त्या दोन-तीन फुटांच्या आधीचे पाणी म्हणजे ग्रे वॉटर. आंघोळीचे, बेसिनचे आणि कपडे धुण्याचे पाणी त्यात येते. संडासाचे येत नाही. गटाराची घाण हवा न्हाणीत शिरू नये म्हणून जुन्या काळी हे दोन पाइप वेगळे ठेवले जात. आज पाण्याचा पुनर्वापर करू पाहणाऱ्या सोसायटीचे निम्मे काम त्यामुळे आयतेच झालेले असते, कारण पाणी वेगळे करण्यासाठी कोणाच्या घरातली फरशी फोडावी लागत नाही. नव्या इमारतींत बऱ्याचदा सगळे सांडपाणी एकाच उभ्या पाइपात सोडलेले असते. तिथे न्हाणीचे पाणी वेगळे काढायचे तर प्रत्येक बाथरूमच्या खालचे जोड बदलावे लागतात, आणि तेवढ्यावरच बहुतेक बेत बारगळतात. म्हणून योजनेची सुरुवात यंत्रविक्रेत्याला फोन करून होऊ नये. आधी प्लंबरला बरोबर घेऊन डक्टची पाहणी करावी.

मोठ्या संकुलांची गोष्ट वेगळी आहे. २००६च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या अटींमुळे मैलापाण्यासह सगळे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आणि फ्लशसाठी वेगळी नळवाहिनी तिथे बांधतानाच येते. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ग्रे वॉटरच्या पुनर्वापराची स्वतंत्र तरतूद आहे. प्रश्न उरतो तो तीस, चाळीस, साठ फ्लॅटच्या, या नियमांच्या आधी उभ्या राहिलेल्या सोसायट्यांचा. टँकरचा सर्वाधिक भार याच सोसायट्या उचलतात आणि त्यांच्याकडे स्वतःचा इंजिनिअर नसतो.

अशाच एका सोसायटीचा हिशेब मांडून पाहू. सोसायटी कल्पित आहे, पण आकडे नेहमीच्या व्यवहारातले आहेत. पाच मजले, ४० फ्लॅट, १६० माणसे, ३०० चौरस मीटरची बाग. पाण्याच्या नियोजनात शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, हा जुना आणि सर्वमान्य आकडा आहे. पाठ्यपुस्तकांत त्याची फोडही दिलेली असते: आंघोळीला ५५, कपड्यांना २०, संडासाला ३०, भांडी आणि घर पुसणे यांना प्रत्येकी १०, स्वयंपाक आणि पिणे यांना प्रत्येकी ५. राष्ट्रीय इमारत संहितेत फ्लशसाठी ४५ लिटर धरलेले आहेत. या आकड्यांनी चाललो तर १६० माणसांच्या आंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी दिवसाला १२,००० लिटर होते. विक्रेते इथेच थांबतात आणि १२,००० लिटर शुद्ध करणारा प्रकल्प सुचवतात.

हिशेब उलट्या टोकाने करायला हवा. पाणी किती मिळेल यापेक्षा किती लागेल हे आधी ठरवावे. शुद्ध केलेल्या पाण्याला दोनच गिऱ्हाइके आहेत, फ्लश आणि बाग. त्यांना लागेल त्याहून जास्त शुद्ध केलेला प्रत्येक लिटर शेवटी गटारातच जातो, आणि तोवर त्याच्यावर वीज, क्लोरीन आणि माणसाचा वेळ खर्च झालेला असतो.

फ्लशला किती पाणी लागते हे मोजणे सोपे आहे, फक्त त्यासाठी गच्चीवर फ्लशची टाकी वेगळी असावी लागते. मुंबईतल्या अनेक इमारतींत ती असते; अन्यत्र बोअरचे पाणी संडासाला वापरणाऱ्या इमारतींतही बऱ्याचदा असते. पहाटे टाकी काठोकाठ भरून घ्यायची, येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, बांबूच्या काठीवर खूण करायची आणि चोवीस तासांनी पातळी पुन्हा पाहायची. टाकी अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे ५० लिटर गेले. आपल्या सोसायटीत ती ९८ सेंटिमीटर उतरली असे धरू. म्हणजे ४,९०० लिटर, माणशी ३० लिटरपेक्षा किंचित जास्त. संहितेतल्या ४५ लिटरच्या हिशेबाने ७,२०० लिटर आले असते. मोजणी एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी करावी, कारण सुट्टीला माणसे घरी असतात. आणि मोजताना रात्री दोन ते चार या वेळातही पातळी उतरत असेल, तर कोणत्या तरी फ्लॅटमध्ये फ्लशची टाकी गळते आहे. ती आधी दुरुस्त करावी. गळतीसाठी प्रकल्प मोठा करू नये.

बागेचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. कडक उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ५ लिटर लागतात, म्हणजे ३०० मीटरला १,५००. झाडाझुडपांना ठिबक लावले तर हजार लिटरमध्ये भागते. पावसाळ्यात ही मागणी शून्यावर येते.

आता मिळणारे पाणी. पुस्तकात आंघोळीला ५५ लिटर असले, तरी बादलीने आंघोळ करणाऱ्याला एक-दीड बादली, म्हणजे वीस-तीस लिटरही पुरतात. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. दहा-बारा घरांना आठवडाभर बादल्या आणि शॉवरची मिनिटे लिहून ठेवायला सांगितले, की खरा आकडा हाती येतो. आपल्या सोसायटीत तो माणशी ४० निघाला असे धरू. म्हणजे दिवसाला ६,४०० लिटर. गाळण्या उलट्या धुण्यात आणि गाळ काढण्यात दहा टक्के जातील, उरतील ५,७६०. उन्हाळ्यातली गरज फ्लशचे ४,९०० आणि ठिबकचे १,००० मिळून ५,९००. तूट फक्त १४० लिटरची.

या छोट्याशा तुटीवर पुढचा मोठा निर्णय ठरतो. वॉशिंग मशीनचे पाणी घ्यायचे की नाही? मशीन असते ड्राय बाल्कनीत, स्वयंपाकघराच्या बाजूला. तिथले पाइप वेगळ्या डक्टमधून उतरतात आणि त्यांत बहुतेक वेळा सिंकचे तेलकट पाणी मिसळलेले असते. ते वेगळे काढायचे तर चाळीस घरांत काम निघते. शिवाय धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात आणि कपड्यांतून निघणारा धाग्यांचा भुगा पंप आणि गाळण्यांमध्ये अडकतो. दिवसाला १४० लिटर टाकीच्या पाण्यातून भरून काढणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. इथे फक्त न्हाणी आणि बेसिनचे पाणी घ्यावे, बाकीचे जाते तसे जाऊ द्यावे. स्वयंपाकघराचे पाणी तर जवळजवळ नेहमीच सोडून द्यावे. खरकटे आणि तेल यांनी ते सगळ्यात लवकर सडते, आणि लहान प्रकल्पाला ते पेलत नाही.

आंघोळीचे पाणी तुलनेने स्वच्छ असले तरी ते निर्जंतुक नसते. लहान मुलांना तिथेच धुतात, बाळाचे लंगोट तिथेच खळबळतात. मैलापाण्यातले जंतू कमी प्रमाणात का होईना, त्यात असतातच. दुसरी भानगड जुन्या इमारतींत हमखास सापडते. नूतनीकरण करताना एखाद्या घराने न्हाणीच्या जागी कमोड बसवलेला असतो आणि तो सोयीसाठी न्हाणीच्याच पाइपाला जोडलेला असतो. एका घराने असे केले तरी सगळ्या ग्रे वॉटरचे मैलापाणी होते. तपासणी साधी आहे. प्रत्येक कमोडमध्ये खाण्याचा गडद रंग टाकून फ्लश करायचा आणि खाली एकाने गली ट्रॅपवर नजर ठेवायची. रंग तिथे दिसला, की तो जोड बदलल्याशिवाय पुढे जायचे नाही.

पाणी गोळा करायला न्हाणीचा पाइप गली ट्रॅपच्या जरा वर कापून तिथे टी बसवतात. एक फाटा नव्या जमिनीखालच्या टाकीकडे जातो, दुसरा पूर्वीसारखाच गली ट्रॅपकडे. दोन्हींवर व्हॉल्व्ह असतात, म्हणजे प्रकल्प बंद पडला किंवा पावसाळ्यात पाणी नको असले, तर सगळे पुन्हा गटाराकडे वळवता येते. टाकीला ओव्हरफ्लोही गटाराकडेच हवा. टाकीच्या तोंडाशी केस आणि साबणाचे गोळे अडवणारी, हाताने उचलून काढता येईल अशी जाळीची टोपली बसवतात. ती रोज काढून धुवावी लागते. हे काम कोणाचे, ते पहिल्याच दिवशी ठरलेले असावे. सफाई कामगाराच्या रोजच्या कामांत ते लिहिले नाही, तर पंधरा दिवसांत टोपली काढून बाजूला ठेवलेली आढळते आणि महिन्याभरात पंप अडकतो.

टाकी केवढी असावी? इथे दिवसाचा ठोका लक्षात घ्यावा लागतो. आंघोळीचे दोन तृतीयांश पाणी सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान येते, म्हणजे आपल्या हिशेबात चार तासांत सव्वाचार हजार लिटर. शुद्धीकरण तासाला ५०० लिटरने चालले, तर तेवढ्या वेळात २,००० लिटर पुढे जातात आणि सव्वादोन हजार थांबतात. हाताशी जागा ठेवून ४,००० लिटरची टाकी पुरते. मोठी टाकी जास्त सुरक्षित वाटते, पण इथे ती घातक ठरते. न शुद्ध केलेले न्हाणीचे पाणी चोवीस तासांपेक्षा जास्त थांबले, की त्यातला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून या टाकीत ब्लोअरने सतत हवा सोडतात. फ्लशची मागणीही सकाळीच सर्वांत जास्त असते, आणि ती आदल्या दिवशी शुद्ध केलेल्या पाण्यावर भागवायची असते. त्यासाठी शुद्ध पाण्याची ५,००० लिटरची वेगळी टाकी लागते.

शुद्धीकरणात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसते गाळून पाणी वर चढवणे. वाळूच्या गाळणीतून आलेले आंघोळीचे पाणी दिसायला बऱ्यापैकी स्वच्छ असते, आणि प्रात्यक्षिक पाहणाऱ्या कमिटीचे त्यावर समाधान होते. पण साबण, अंगाचे तेल, शाम्पू हे पाण्यात विरघळलेले असते. वाळू ते अडवत नाही. गच्चीवरच्या टाकीत दोन दिवस उन्हात राहिले, की जिवाणू त्यावर तुटून पडतात. फ्लशच्या टाकीत करडा बुळबुळीत थर जमतो, बॉलकॉक अडकतो, आणि फ्लश केल्यावर संडासाला आधीपेक्षा जास्त वास येतो. त्यानंतर रहिवासी ते पाणी पुन्हा घ्यायला तयार होत नाहीत, मग पुढे कितीही सुधारणा झाली तरी.

विरघळलेली घाण जिवाणूंनाच खाऊ घालावी लागते, फक्त ती आपल्या ताब्यातल्या टाकीत आणि भरपूर हवा देऊन. लहान प्रकल्पांत त्यासाठी प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चकत्या पाण्यात सोडतात. ब्लोअरच्या हवेवर त्या सतत फिरत राहतात आणि त्यांच्या आतल्या कप्प्यांत जिवाणूंचा तपकिरी थर धरतो. हा थर साबण आणि तेल खातो. पुढच्या टाकीत सुटलेला थर खाली बसतो, मग वाळूची आणि कोळशाची गाळणी, आणि शेवटी क्लोरीन. थर धरायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर पाणी बागेला किंवा गटारात सोडावे, फ्लशला देऊ नये. दिवाळीत किंवा मे महिन्यात निम्मी इमारत गावी गेली, की या जिवाणूंचे खाणे तुटते. अशा वेळी ब्लोअर बंद करायचा नसतो. तो काही तास जरी बंद राहिला तरी थर मरू लागतो. अर्ध्या अश्वशक्तीचा ब्लोअर चोवीस तास चालला तर दिवसाला साधारण ९ युनिट वीज घेतो. प्रकल्पाला विजेचे वेगळे मीटर लावले, तर बिलावरूनच कळते की कोणी रात्री ब्लोअर बंद करते आहे का.

फ्लशच्या पाण्याला किती शुद्धता हवी, याचे मार्गदर्शन केंद्र सरकारच्या सीपीएचईईओच्या २०१३च्या मॅन्युअलमध्ये आहे. पाण्यातली जिवाणूंना खाण्याजोगी घाण, जिला बीओडी म्हणतात, ती लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नसावी, पाणी जवळजवळ पूर्ण नितळ असावे, मैलापाण्यातले जंतू नसावेत आणि किमान १ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. प्रयोगशाळेतली तपासणी दर तिमाहीला करता येईल, पण रोजची परीक्षा कमिटीतला कोणीही करू शकतो. ग्रामपंचायती नळाच्या पाण्याची जी ओ.टी. टेस्ट करतात, तेच थेंब इथे चालतात. फ्लशच्या वाहिनीवरचा सगळ्यात शेवटचा फ्लॅट निवडायचा, तिथल्या फ्लशच्या टाकीतले पाणी नळीत घ्यायचे आणि थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन तिथवर पोचते आहे. पिवळे झाले नाही, तर पहिला मोह क्लोरीन वाढवण्याचा होतो. बहुतेक वेळा कारण आधीच्या टप्प्यात असते. पाण्यात घाण उरली असली, की क्लोरीन तिच्याशीच संपून जाते. हे ओळखायला एक स्वच्छ बाटली शुद्ध पाण्याने भरावी, त्यात क्लोरीन पडण्याआधीचे पाणी घ्यावे, घट्ट बंद करून तीन दिवस कपाटात ठेवावी. उघडल्यावर वास आला, तर दोष ब्लोअरमध्ये किंवा चकत्यांच्या टाकीत आहे.

नळवाहिनीचा धोका मात्र वासाने कळत नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त शहराच्या लाइड्शे राइन या नव्या वस्तीत फ्लश आणि धुण्यासाठी अर्धवट शुद्ध केलेल्या नदीच्या पाण्याची वेगळी वाहिनी घातली होती. २००१च्या अखेरीस एका चुकीच्या जोडामुळे ते पाणी पिण्याच्या वाहिनीत शिरले. शेकडो घरांच्या पिण्याच्या नळाला ते पाणी आले आणि वस्तीत पोटाच्या विकाराची साथ पसरली. २००३मध्ये डच सरकारने घरांना असे दुहेरी पाणी मोठ्या प्रमाणावर पुरवणे बंद केले. तिथे पाइप टाकणारे प्रशिक्षित होते, नकाशे होते, आणि तरीही हे घडले.

आपल्याकडे हा चुकीचा जोड प्रत्येक संडासात आधीच बसलेला असू शकतो, आणि त्याच्याकडे प्लंबरचेही लक्ष जात नाही. कमोडच्या मागे भिंतीतून एक अँगल कॉक बाहेर येतो. बऱ्याच घरांत तो दुतोंडी असतो. एका तोंडाची नळी फ्लशच्या टाकीला जाते, दुसऱ्या तोंडाची जेट स्प्रेला. गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत शुद्ध केलेले ग्रे वॉटर सोडले, की त्याच क्षणी जेटमधूनही तेच पाणी येऊ लागते. म्हणजे माणूस ते थेट अंगाला लावतो. भारतीय पद्धतीच्या संडासात भिंतीवरच्या तोटीचेही तसेच. पाणी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक घरातला जेट आणि तोटी ताज्या पाण्याच्या वाहिनीवर घ्यावी लागते. प्रकल्पाचा खर्च काढताना ही चाळीस घरांतली कामे जवळजवळ नेहमीच गाळलेली असतात, आणि काही घरांत ताजी वाहिनी संडासाच्या भिंतीपर्यंत येतच नाही, तिथे शेजारच्या बाथरूममधून ती आणावी लागते.

काम झाल्यावर परीक्षा करावी. ताज्या पाण्याची गच्चीवरची टाकी बंद करून वाहिनी पूर्ण रिकामी करायची, फ्लशची वाहिनी भरलेली ठेवायची, आणि प्रत्येक घरातली प्रत्येक तोटी, जेट, गिझर, बेसिन उघडून पाहायचे. कुठेही पाण्याची धार आली, तर तिथे दोन्ही वाहिन्या जोडलेल्या आहेत. एखादे घर कुलूपबंद असले तर परीक्षा पूर्ण झाली असे समजू नये. पुढे कोणीही संडासाचे नूतनीकरण केले, की त्या घराची परीक्षा पुन्हा करावी. उन्हाळ्यात तूट भरण्यासाठी ताजे पाणी फ्लशच्या टाकीत सोडताना त्या पाइपाचे तोंड पाण्याच्या वर, किमान पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर मोकळ्या हवेत संपले पाहिजे. तोंड पाण्यात बुडाले, तर ताज्या वाहिनीत ओढ निर्माण झाल्यावर फ्लशचे पाणी उलट शोषले जाते. बागेतल्या तोट्यांना काढता येणारी चावी असावी आणि जवळ ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी पाटी, कारण खेळून दमलेले मूल पहिली तोटी दिसेल तिलाच तोंड लावते.

बागेची गरज तेवढीच भागवायची असेल, तर मात्र यातले बरेचसे लागत नाही. चेन्नईत अलॅक्रिटी या बांधकाम कंपनीने अनेक इमारतींत आंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून जमिनीत मुरवण्याची पद्धत वापरली. खडी-वाळूच्या उथळ वाफ्यात कर्दळ लावायची आणि पाणी वरून न सांडता खडीच्या पोटातून आडवे सरकू द्यायचे. मुळांभोवतीचे जिवाणू तेच काम करतात, फक्त सावकाश. दिवसाला हजार-दीड हजार लिटरसाठी साधारण पंधरा-वीस चौरस मीटर वाफा पुरतो. वीज लागत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांत न्हाणीचे पाणी साध्या गाळण्यांतून काढून संडासाला आणि बागेला वापरले होते, आणि २००७मध्ये त्यावर मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. शाळेत पाणी त्याच दिवशी वापरले जाते आणि हाताने ओतले जाते, गच्चीवरच्या टाकीत साठत नाही. म्हणून तिथे साध्या गाळण्या चालल्या. पाच मजली इमारतीच्या फ्लशला तीच पद्धत जशीच्या तशी लावली, तर वर सांगितलेला बुळबुळीत थर ठरलेला.

बागेत बिघाड हळूहळू येतो. साबणातले सोडियम मातीत साचत जाते, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत ते जास्त त्रास देते. माती वरून कडक होते, पाणी मुरण्याऐवजी थबकते, आणि पानांच्या कडा टोकाकडून तपकिरी होऊ लागतात. माळी पाणी कमी पडले समजून आणखी पाणी देतो. खरे तर अशा वेळी आठ-पंधरा दिवसांतून एकदा ताज्या पाण्याने माती भिजवून क्षार खाली ढकलावे लागतात. पावसाळा हे काम स्वतःहून करतो. पाणी ठिबकने मुळाशी द्यावे, कारंज्याने हवेत उडवू नये. कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खाण्याच्या पानांना हे पाणी देऊ नये. नारळ, आंबा, जास्वंद यांना चालते. ठिबकच्या आधी बारीक गाळणी नसेल, तर एकच केस ड्रिपर बंद करायला पुरतो.

आता हाती काय लागते? दिवसाला सहा हजार लिटर म्हणजे महिन्याला १ लाख ८० हजार लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरचे १८ टँकर. सोसायटीला उन्हाळ्यात महिन्याला तीस टँकर लागत असतील, तर ते बारावर येतील. वर्षभर महापालिकेचे पाणी पुरेसे मिळत असेल, तर मात्र पैशांत होणारी बचत फार थोडी राहते आणि प्रकल्प नुसत्या पैशांच्या हिशेबावर टिकत नाही. सभेत मत मागताना हे उघड सांगावे.

यंत्रविक्रेत्याशी करार करताना बहुतेक सोसायट्या प्रकल्पाच्या क्षमतेवर आणि किमतीवर घासाघीस करतात. करारात लिहिण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. शेवटच्या फ्लॅटमधल्या फ्लशच्या टाकीत क्लोरीन दिसले पाहिजे आणि तिमाही बीओडी १०च्या आत आला पाहिजे, ही अट विक्रेत्याने मान्य करावी. पहिल्या वर्षी प्रकल्प चालवण्याची जबाबदारी त्याचीच असावी, म्हणजे पहिली दिवाळी आणि पहिला मे महिना त्याच्या देखरेखीखाली जातो. नोंदवहीत रोज चारच गोष्टी लिहाव्यात: टोपली धुतली का, ब्लोअर चालू होता का, आत आलेले आणि वर चढवलेले लिटर, आणि ओ.टी. टेस्टचा रंग. आत आलेले लिटर ठीक आणि वर चढवलेले कमी होऊ लागले, की वाळूची गाळणी चोंदली आहे आणि ती उलटी धुवायची वेळ झाली. दोन्ही एकदम कमी झाले, तर जाळीची टोपली आधी उघडून पाहावी.